चढ, अंतःखंड आणि आर-वर्ग : प्रस्तावना

संख्याशास्त्राच्या परीक्षेत सरळ रेषीय समाश्रयणाचा, म्हणजे वर्गात ज्याला सर्रास रिग्रेशन म्हणतात त्याचा प्रश्न आला की विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ बेरजा, वर्ग आणि गुणाकार यांत खर्ची पडतो, आणि शेवटी ‘मिळालेल्या किमतींचा अर्थ स्पष्ट करा’ असे जे विचारलेले असते त्याच्या वाट्याला उरल्यासुरल्या वेळात पाठ केलेले एखादे वाक्य तेवढे येते. समीकरण बिनचूक, आकडे दशांशस्थळापर्यंत बरोबर, आणि त्यांच्याखाली ‘चढ धन आहे, म्हणून संबंध चांगला आहे’ किंवा ‘आर-वर्ग ०.६५ आहे, म्हणून ६५ टक्के उत्तरे बरोबर येतील’ अशी विधाने, हे दृश्य उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. या विधानांत हिशेबाची चूक नसते. चढ, अंतःखंड आणि आर-वर्ग हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्या प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे, आणि एकाला दुसऱ्याच्या हद्दीतले काम सांगितले की अर्थाचा अनर्थ होतो, एवढी एकच गोष्ट त्यांत निसटलेली असते. ती गोष्ट नीट ध्यानी यावी एवढ्याच हेतूने प्रस्तुत पुस्तिका लिहिली आहे, आणि या प्रस्तावनेत एकच उदाहरण आरंभापासून अखेरपर्यंत सोडवून तिची दिशा दाखविण्याचा विचार आहे.

उदाहरण जुने आणि प्रसिद्ध आहे. मॉर्डेकाय इझिकिएल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या सहसंबंध-विश्लेषणावरील, १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मोटारींचा वेग आणि ब्रेक लावल्यावर थांबेपर्यंत त्यांनी कापलेले अंतर यांच्या नोंदी दिलेल्या आहेत. त्या नोंदी १९२० च्या दशकातील असून आज ‘आर’ नावाच्या संगणकीय प्रणालीबरोबर ‘cars’ या नावाने त्या जगभरच्या विद्यार्थ्यांना आयत्या मिळतात. एकूण नोंदी ५०. वेग ताशी ४ मैलांपासून २५ मैलांपर्यंत, अंतर २ फुटांपासून १२० फुटांपर्यंत. वेगाची सरासरी ताशी १५.४ मैल, अंतराची सरासरी ४२.९८ फूट. वेग हे स्वतंत्र चल आणि थांबण्याचे अंतर हे अवलंबी चल मानून न्यूनतम वर्ग पद्धतीने रेषा काढली असता संगणक जो तक्ता देतो त्याचा आपल्या कामाचा भाग असा :

```
            Estimate Std. Error t value
(Intercept) -17.5791     6.7584  -2.601
speed         3.9324     0.4155   9.464

Residual standard error: 15.38 on 48 degrees of freedom
Multiple R-squared:  0.6511
```

आता परीक्षेतील प्रश्न असा समजू या : ‘वरील तक्त्यावरून समाश्रयण रेषेचे समीकरण लिहा, आणि चढ, अंतःखंड व आर-वर्ग यांचा दिलेल्या संदर्भात अर्थ सांगा.’ समीकरण लिहिणे हे नकल करण्याइतके सोपे आहे : अंदाजित अंतर बरोबर उणे १७.५८ अधिक ३.९३ गुणिले वेग. येथे ‘अंदाजित’ हा शब्द गाळता कामा नये, कारण हे समीकरण कोणत्याही एका मोटारीने प्रत्यक्षात कापलेले अंतर सांगत नाही, तर त्या वेगाच्या मोटारींसाठी रेषेवर येणारे सरासरी अंतर सांगते. प्रश्नाचे खरे मर्म ‘दिलेल्या संदर्भात’ या दोन शब्दांत आहे. परीक्षकाला पाठ्यपुस्तकातील व्याख्या नको आहे. त्याला मोटार, मैल आणि फूट या शब्दांत लिहिलेले वाक्य हवे आहे.

प्रथम चढ घेऊ. ३.९३ ही नुसती संख्या नाही; तिला एकक आहे, आणि ते ‘ताशी दर मैलामागे इतके फूट’ असे आहे. म्हणून योग्य उत्तर असे होईल : वेग ताशी एका मैलाने अधिक असेल, तर थांबण्याचे अंदाजित अंतर सरासरीने सुमारे ३.९३ फुटांनी अधिक असते. या वाक्यात चार गोष्टी आल्या आहेत : स्वतंत्र चलात किती फरक, अवलंबी चलात किती फरक, तो कोणत्या दिशेने, आणि तो सरासरीने आहे ही कबुली. पहिल्या तीन गोष्टी बहुतेक विद्यार्थी लिहितात. चौथी बहुतेकांकडून राहून जाते, आणि ती राहिली की उरलेले वाक्य चक्क खोटे ठरते.

ते कसे, हे पाहण्यासाठी मूळ नोंदींपैकी काही प्रत्यक्ष डोळ्यांखालून घालाव्यात. ताशी १४ मैल वेगाच्या चार नोंदी आहेत, आणि त्यांतील अंतरे २६, ३६, ६० व ८० फूट आहेत. ताशी १५ मैल वेगाच्या तीन नोंदींत अंतरे २०, २६ व ५४ फूट आहेत. म्हणजे वेग एका मैलाने वाढला आणि या नोंदींपुरते सरासरी अंतर वाढण्याऐवजी ५०.५ फुटांवरून सुमारे ३३ फुटांवर उतरले. ‘वेग एक मैलाने वाढला की अंतर ३.९३ फुटांनी वाढतेच’ असे ज्याने लिहिले असेल, त्याचे विधान त्याच्याच तक्त्यातील सात ओळींनी खोडून काढले. परंतु रेषेचा चढ मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही, कारण तो शेजारशेजारच्या दोन वेगांविषयी काहीच हमी देत नाही. सर्व पन्नास नोंदी एकत्र घेऊन, प्रत्येक नोंदीचे रेषेपासूनचे उभे अंतर मोजून, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान होईल अशा रेषेचा कल तेवढा तो सांगतो.

चढाच्या बाबतीत आणखी एक गैरसमज असा की, चढ मोठा असला म्हणजे संबंध घट्ट आणि लहान असला म्हणजे सैल. हा समज एककांकडे दुर्लक्ष केल्याने उद्भवतो. हेच वेग किलोमीटरमध्ये आणि हीच अंतरे मीटरमध्ये लिहिली, तर चढ ३.९३ ऐवजी सुमारे ०.७४ येतो, मोटारी त्याच, रस्ते तेच, नोंदी त्याच, आणि आकडा मात्र पाचव्या हिश्शाहूनही खाली आलेला. आर-वर्ग या बदलाने यत्किंचितही हलत नाही, तो ०.६५११ च राहतो. यावरून उमगावे की किती फरक पडतो हे चढ सांगतो, आणि बिंदू रेषेला किती धरून आहेत हे सांगण्याचे काम दुसऱ्या आकड्याकडे सोपविलेले आहे.

आता अंतःखंड, म्हणजे रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते ती उंची. व्याख्येप्रमाणे स्वतंत्र चलाची किंमत शून्य असताना अवलंबी चलाचे जे अंदाजित मूल्य, तो अंतःखंड. तेव्हा या प्रश्नात त्याचे शब्दशः वाचन असे होते की, ताशी शून्य मैल वेगाच्या, म्हणजे उभ्याच असलेल्या मोटारीचे थांबण्याचे अंदाजित अंतर उणे १७.५८ फूट आहे. उभी मोटार थांबण्यासाठी मागे साडेसतरा फूट जाते असा याचा अर्थ होतो, आणि तो कोणाही समंजस माणसास मान्य होण्यासारखा नाही. येथे विद्यार्थी दोन टोकांना जातात : काहीजण हे वाक्य तसेच लिहून पुढे सरकतात, तर काहीजण ‘आपला हिशेब चुकला असावा’ अशा शंकेने पुन्हा बेरजा करीत बसतात. हिशेब चुकलेला नाही. नोंदींतील सर्वांत कमी वेग ताशी ४ मैल आहे. शून्य वेगाची एकही नोंद नाही. म्हणून शून्यापाशी रेषा जे सांगते ते तिने पाहिलेल्या प्रदेशाबाहेरचे विधान आहे. उत्तरात प्रथम शब्दशः अर्थ सांगावा, आणि लगेच असे नमूद करावे की हा वेग नोंदींच्या कक्षेबाहेर असल्याने, आणि ऋण अंतर संभवत नसल्याने, या संदर्भात अंतःखंडाला व्यावहारिक अर्थ नाही. रेषा योग्य उंचीवर बसावी एवढेच त्याचे कार्य आहे.

मात्र या उदाहरणात केवळ ‘कक्षेबाहेर’ एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही, आणि चाणाक्ष विद्यार्थ्याने येथे एक पाऊल पुढे टाकावे. रेषा शून्यावर येते ती ताशी सुमारे ४.४७ मैल वेगापाशी. म्हणजे ताशी ४ मैल या वेगासाठीसुद्धा, जो नोंदींत दोनदा आलेला आहे, तिचा अंदाज उणे १.८५ फूट येतो, तर प्रत्यक्ष नोंदी २ आणि १० फूट आहेत. ऋण अंतर कक्षेच्या आतच अवतरले, ते कशामुळे? गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि ब्रेकला ती सर्व ऊर्जा शोषून घ्यावी लागते, म्हणून ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. तेव्हा खरा संबंध वर उचलत जाणारा वक्र आहे, आणि अशा वक्रावर सरळ रेषा बसविली की ती मधल्या वेगांना ठीक जुळते, पण खालच्या टोकाला वक्राच्या खाली घसरते. अंतःखंडाचे ते विचित्र ऋण चिन्ह हा त्या घसरणीचाच परिणाम आहे.

कोणी म्हणेल, अंतःखंड निरर्थक आहे तर तो शून्य धरून रेषा मूळ बिंदूतूनच का काढू नये? तसे केल्यास चढ ३.९३ वरून २.९१ वर येतो. म्हणजे एका निरर्थक आकड्यापासून सुटका करून घेताना जो अर्थपूर्ण आकडा हाती होता तोच आपण बिघडवून बसतो. अंतःखंडाला अर्थ द्यावयाचाच असेल तर त्याहून बरा मार्ग आहे : प्रत्येक वेगातून सरासरी वेग १५.४ वजा करावा. मग चढ तोच राहतो, आणि अंतःखंड ४२.९८ होतो, ज्याचे वाचन ‘सरासरी वेगाच्या मोटारीचे अंदाजित अंतर ४२.९८ फूट’ असे सरळ करता येते. शिवाय तक्त्यात अंतःखंडासमोर उणे २.६०१ ही टी-किंमत पाहून ‘तो लक्षणीय आहे, म्हणून महत्त्वाचा आहे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. ती किंमत एवढेच सांगते की शून्य वेगापाशी रेषा शून्यातून जात नाही, आणि शून्य वेगाचे अंतर विचारण्यात अर्थ आहे की नाही हे तिला ठाऊक नसते.

तिसरा आकडा आर-वर्ग, ज्याला पाठ्यपुस्तके निर्धारण गुणांक म्हणतात. त्याचा अर्थ नोंदींमधील एकाच ओळीवरून उलगडून दाखविता येतो. ताशी २४ मैल वेगाच्या एका मोटारीने थांबण्यासाठी १२० फूट घेतले. वेग ठाऊक नसता, तर तिच्याविषयी आपण सरासरी ४२.९८ एवढेच म्हणू शकलो असतो, आणि ७७.०२ फुटांनी चुकलो असतो. वेग ठाऊक असल्याने रेषा आपल्याला ७६.८० फूट हा अंदाज देते, त्यामुळे ७७.०२ पैकी ३३.८२ फुटांचा हिशेब लागला आणि ४३.२० फूट अवशेष म्हणून उरले. प्रत्येक नोंदीसाठी असे सरासरीपासूनचे अंतर आणि रेषेपासूनचे अंतर घेऊन त्यांचे वर्ग केले आणि त्यांच्या वेगवेगळ्या बेरजा केल्या, तर पहिली बेरीज सुमारे ३२,५३९ आणि दुसरी सुमारे ११,३५४ येते. म्हणजे एकूण चलनापैकी सुमारे ३५ टक्के रेषेला न जुमानता शिल्लक राहिले, आणि उरलेल्या ६५ टक्क्यांचा हिशेब वेगाशी असलेल्या सरळ संबंधाने लागला. म्हणून उत्तर असे लिहावे : थांबण्याच्या अंतरातील एकूण चलनापैकी सुमारे ६५.१ टक्के चलनाचे स्पष्टीकरण वेगाशी असलेल्या रेषीय संबंधाने होते.

या वाक्यातील ‘चलन’ हा शब्द फार जबाबदारीचा आहे. ६५ टक्के बिंदू रेषेवर पडतात असा त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येक अंदाज ६५ टक्के बरोबर येतो असाही नव्हे. अंदाज साधारणतः किती चुकतो हे जाणून घ्यावयाचे असेल तर तक्त्यातील १५.३८ या अवशेषांच्या प्रमाण त्रुटीकडे पाहावे, जिला फूट हे एकक आहे. ताशी १५ मैल वेगासाठी अंदाज सुमारे ४१.४ फूट, आणि त्यात पंधराएक फुटांची चूक नित्याची, हे विधान रस्त्यावरच्या माणसाला ६५ टक्क्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे. आर-वर्गाला दिशाही नसते : त्याचे वर्गमूळ ०.८०७ येते, आणि सहसंबंध गुणांकाचे चिन्ह धन आहे की ऋण हे चढावरून ठरवावे लागते. वेग हे कारण आहे असेही तो सिद्ध करीत नाही. वेगामुळे अंतर वाढते हे आपण मानतो ते यंत्रशास्त्राच्या आधारे, आर-वर्गाच्या आधारे नव्हे.

याची प्रचिती रेषा उलटी काढली की येते. महाराष्ट्रात बारावीच्या वाणिज्य शाखेत गणित घेणारा विद्यार्थी दोन समाश्रयण रेषा शिकतो : एक य चा अंदाज क्ष वरून घेणारी आणि दुसरी क्ष चा अंदाज य वरून घेणारी. अंतरावरून वेगाचा अंदाज घेणाऱ्या रेषेचा चढ सुमारे ०.१६५६ येतो, आणि तो ३.९३२४ चा व्यस्त नव्हे. व्यस्त घेतला असता तर ०.२५४३ मिळाला असता. या दोन चढांचा गुणाकार केला की नेमका ०.६५११ मिळतो, हा सहसंबंध गुणांकाचा वर्ग. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, पहिल्या समीकरणाची उलटापालट करून अंतरावरून वेग काढणे ही चूक आहे, आणि परीक्षेत तिचे गुण जातात. दुसरी, आर-वर्ग दोन्ही रेषांसाठी एकच असल्याने, कोण कारण आणि कोण परिणाम हे त्याच्याकडून कळणे शक्यच नाही.

आर-वर्गाविषयी शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की, तो मोठा असला तरी संबंध सरळ आहे याची ग्वाही देत नाही. याच नोंदींवर वेगाचा वर्ग जमेस धरून वक्र बसविला तर आर-वर्ग ०.६५११ वरून केवळ ०.६६७३ होतो, आणि ताशी २० मैलांपाशी दोघांचे अंदाज ६१.१ आणि ६०.७ फूट, म्हणजे जवळजवळ एकच येतात. या आकड्यांकडे पाहून कोणीही म्हणेल की दोन्हींत फरक नाही. परंतु ताशी ६० मैलांचा अंदाज विचारला की रेषा २१८ फूट म्हणते आणि वक्र ४१७ फूट म्हणतो. यांपैकी एकही आकडा विसंबण्याजोगा नाही, कारण ताशी २५ मैलांपलीकडे नोंदीच नाहीत. पण नोंदींच्या कक्षेत जो फरक आर-वर्गाला जेमतेम जाणवला, तो कक्षेबाहेर दुपटीच्या घरात जातो, हे ध्यानात ठेवावे. फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली चार नोंदसंच मांडून दाखविले की चौघांचा चढ सुमारे ०.५, अंतःखंड ३ आणि आर-वर्ग ०.६७ असूनही त्यांची चित्रे परस्परांशी अजिबात जुळत नाहीत. एकातच काय ती सरळ रेषेला शोभणारी मांडणी आहे. म्हणून प्रश्नपत्रिकेत विकिरण आकृती किंवा अवशेषांचा आलेख दिलेला असेल, तर अर्थ लिहिण्यापूर्वी तो पाहावा. अवशेष शून्याच्या वरखाली कोणत्याही आकाराविना विखुरलेले असावेत. ते दोन्ही टोकांना वर आणि मध्ये खाली असतील तर वक्राची शंका घ्यावी, आणि वेगाबरोबर पंख्यासारखे पसरत असतील तर १५.३८ हा एकच आकडा सर्व वेगांना लागू करता येणार नाही असे लिहावे.

या सर्व विवेचनानंतर आपल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर पुढीलप्रमाणे लिहिता येईल, आणि विद्यार्थ्याने ते पाठ न करता त्यातील प्रत्येक शब्द तेथे का आला हे तपासावे : ‘अंदाजित अंतर = −१७.५८ + ३.९३ × वेग. वेग ताशी १ मैलाने अधिक असल्यास थांबण्याचे अंदाजित अंतर सरासरीने सुमारे ३.९३ फुटांनी अधिक असते. वेग शून्य असताना अंदाजित अंतर −१७.५८ फूट येते; परंतु शून्य वेग नोंदींच्या ताशी ४ ते २५ मैल या कक्षेबाहेर असल्याने आणि अंतर ऋण असू शकत नसल्याने या किमतीला व्यावहारिक अर्थ नाही. थांबण्याच्या अंतरातील सुमारे ६५.१ टक्के चलनाचे स्पष्टीकरण वेगाशी असलेल्या रेषीय संबंधाने होते, उरलेले ३४.९ टक्के इतर कारणांमुळे किंवा संबंध पूर्णतः रेषीय नसल्यामुळे असू शकते.’

पुढील प्रकरणांत हीच रीत उत्पन्न आणि खर्च, पर्जन्य आणि पीक, अभ्यासाचे तास आणि गुण अशा निरनिराळ्या चलांवर चालविलेली आहे. प्रत्येक ठिकाणी क्रम एकच ठेवला आहे : आधी चले आणि त्यांची एकके निश्चित करावीत, मग नोंदींची कक्षा पाहावी, मग आलेख पाहावा, आणि त्यानंतरच तीन आकड्यांची तीन वाक्ये लिहावीत. अंतःखंडाला अर्थ आहे अशीही काही उदाहरणे मुद्दाम घेतली आहेत, उदाहरणार्थ जेथे स्वतंत्र चलाची शून्य किंमत नोंदींत प्रत्यक्ष आलेली आहे. तेव्हा ‘अंतःखंड निरर्थक असतो’ हेही एक पाठांतरच ठरू नये, अशी वाचकास विनंती आहे. तो निरर्थक आहे की नाही हे दर वेळी नोंदींकडे पाहूनच ठरवावयाचे असते, आणि ज्या विद्यार्थ्याने ते पाहून ठरविले त्याच्या उत्तरात एखादा शब्द कमीजास्त झाला, तरी आकड्यांचा अर्थ त्याला कळलेला आहे हे परीक्षकास सांगावे लागत नाही.